मदत हवी आहे: करिअरच्या प्रश्नात टॅरोचं द लव्हर्स कार्ड, कसं वाचायचं?

मैत्रिणीसाठी रीडिंग केलं, तिच्यापुढे दोन रस्ते आहेत, सरकारी शाळेत कायम शिक्षिकेची नोकरी किंवा पुण्यात इलस्ट्रेटर म्हणून फ्रीलान्स. डावीकडे शाळेसाठी टेन ऑफ पेंटॅकल्स, उजवीकडे चित्रांसाठी एट ऑफ पेंटॅकल्स आणि मधे सल्ल्याच्या जागी द लव्हर्स, सरळ. प्रेमाचा विषयच नाहीये.

मार्सेच्या जुन्या डेकमधे या कार्डावर दोन बायकांच्या मधे उभा तरुण आणि वर बाण ताणलेला क्युपिड असतो, म्हणजे निवड तिथे उघड दिसते. पण माझा डेक रायडर वेट, १९०९ चा, त्यात पुरुष बाईकडे बघतो आणि बाई वर देवदूताकडे. म्हणून मी असं वाचलं की पगार-सुरक्षितता तोलत बसण्यापेक्षा तिची मूल्यं कुठल्या कामाशी जुळतात ते बघायचं. पण मग कार्ड बाजू घेतच नाही ना? एट मधला कारागीर एकटाच मन लावून काम करतोय म्हणून मला उजवीकडे झुकावंसं वाटतंय, पण तिला चित्रं आवडतात हे मला आधीच माहीत आहे, त्यामुळे ते माझंच मत असेल अशी भीती वाटते.

तुम्ही अशा वेळी क्लॅरिफायर काढता का, की दोन्ही बाजूंची कार्डं लव्हर्सशी जोडून वाचता? प्लीज सांगा, तिला याच आठवड्यात शाळेला कळवायचंय.