मदत हवी आहे: वकिलांना पाठवायच्या पत्रात काय राहिलंय?

नमस्कार मंडळी. शहापूरला भावाने साडीच्या दुकानासाठी गाळा घेतला होता. बेळगावच्या एका वकिलांकडून करारातल्या फक्त कलम 9 वर लेखी मत हवंय, म्हणून पत्र लिहितोय. अख्खी भांडणाची कहाणी पाठवली तर मुद्दा बाजूलाच राहील.

हकिकत एवढीच: करार 3 वर्षांचा, कन्नडमध्ये, नोटरी केलेला पण रजिस्टर नाही. डिपॉझिट 2 लाख, भाडं महिना 12 हजार. कलम 9 म्हणतं, मुदतीआधी सोडल्यास पूर्ण डिपॉझिट जप्त. 14 महिन्यांनी, आधी 2 महिन्यांची लेखी नोटीस देऊन गाळा सोडला. पुढच्याच महिन्यात मालकाने दुसरा भाडेकरू ठेवला. (त्याच्या पाटीचा फोटो काढून ठेवलाय!)

प्रश्न दोनच. वर्षावरचा भाडेकरार रजिस्टर लागतो. मग या कागदावरचं कलम 9 बंधनकारक ठरतं का? आणि ठरलंच, तर करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मालकाला वाजवी भरपाईच मिळते ना? गाळा महिनाभरच रिकामा होता, मग तो किती कापू शकतो?

सोबत कलमाचा मूळ कन्नड फोटो, नोटीस आणि डिपॉझिटची बँक एंट्री जोडतोय. अजून काय जोडू? कुणी असं मत घेतलं असेल तर फी साधारण किती पडली?