अनुभव धागा : तापलेल्या धातूचा किंवा भट्टीचा रंग पाहून केलेला अंदाज कुठे चुकला?

रंगावरून तापमान ओळखण्याची कला आपल्यापैकी अनेकांनी हाताखाली काम करताना उचलली आहे. तिने आपल्याला कधी आणि कशामुळे फसवले, हे येथे लिहावे. सुरुवात माझ्यापासून करतो. काशाचा रस मुशीत वितळवत असताना वरची मळी पिवळसर नारिंगी दिसत होती. ती सळईने बाजूला सारली, तेव्हा खालचा रस मात्र मंद, लालसर दिसला. रस अजून थंड आहे असे समजून मी जाळ चालू ठेवला. अखेर थर्मोकपल बुडवले, तर आकडा १२१० अंश सेल्सिअस. मला ओतायचे होते ११२० च्या आसपास. ते ओतीव काम बारीक छिद्रांनी भरले, कारण जास्त तापलेल्या रसात वायू जास्त विरघळतो आणि गोठताना बाहेर पडू पाहतो. मळी आणि रस एकमेकांना चिकटून असताना त्यांचे रंग इतके वेगळे का दिसावेत, हे मला तेव्हा कळले नव्हते.

लोहारकाम करणारा सदस्य

माझ्या मते रंगात खोट नसते. तापमान तेच असेल तर रंगही तोच असतो. फसवतो तो उजेड. जो तुकडा भरदुपारी उघड्यावर जेमतेम लाल वाटतो, तोच अंधाऱ्या कोपऱ्यात नेला की चांगला झळाळतो. म्हणून मी पोलादाला पाणी देण्याआधी नेहमी एकाच सावलीत उभा राहतो आणि लोहचुंबक लावून पाहतो. साधारण ७७० अंशांना चुंबक धरेनासा होतो. तेथून आणखी थोडे तापवायचे, एवढा एक पक्का टप्पा हाती लागतो.

घरी काचकाम करणारी सदस्य

माझ्या बर्नरची ज्योत निळी आहे, म्हणजे ती पिवळ्या ज्योतीपेक्षा कितीतरी तप्त आहे, असे समजावे का? मीठ पडले की ती एकदम पिवळी होते.

ओतशाळेत अनेक वर्षे तापमान मोजणारा सदस्य

ज्योतीचा रंग हा निराळा विषय आहे. तेथील निळा आणि पिवळा रंग बऱ्याच अंशी ज्योतीत कोणते पदार्थ आहेत यावर ठरतो, त्यामुळे त्यावरून तापमान काढू नये.

लोहारदादांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. उजेडाबद्दल ते अगदी खरे बोलतात. पण एकाच तापमानाच्या दोन वस्तू सारख्याच झळाळतील, हे बंद भट्टीतच खरे ठरते. तेथे चकचकीत वस्तू स्वतः कमी प्रकाश टाकते, परंतु भिंतींचा प्रकाश परावर्तित करून ती उणीव भरून काढते. म्हणूनच भट्टी नीट मुरली की आतले काहीच वेगळे ओळखू येत नाही. झाकण उघडले की रसाला समोर थंड छत दिसते आणि उणीव उघडी पडते. तांब्याचा स्वच्छ रस आरशासारखा असतो. लाल प्रकाशात तो आदर्श काळ्या वस्तूच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकाच झळाळतो. मी एकदा गणित करून पाहिले होते: सुमारे ११३० अंशांचा असा रस, निव्वळ उजळपणावर अंदाज बांधल्यास, ९८० च्या आसपासचा भासतो. मळी खरबरीत ऑक्साइडची असते, म्हणून तिचा उजळपणा खऱ्याच्या जवळ जातो. धागाकर्त्यांनी मळीकडे पाहून ठरवले असते तर चूक कमी झाली असती. मी स्वतः मुशीच्या आतल्या भिंतीकडे, रसाच्या काठाशी असलेल्या खोलगट भागाकडे पाहतो.

हौशी ओतकाम करणारा सदस्य

मी अ‍ॅल्युमिनियम लाल होण्याची वाट पाहत बसलो होतो. ते ६६० अंशांना वितळते आणि दिवसाच्या उजेडात चांदीसारखेच दिसत राहते. भांडे लोखंडाचे होते. अतितप्त रसाने ते आतून खाल्ले आणि तळातून गळती लागली. या धातूसाठी रंगाचा आधार घेऊच नये, असे मी कळकळीने सांगेन.

मातीची भांडी भाजणारी सदस्य

भट्टी मुरल्यावर सारे एकरंगी होते, हे माझ्या रोजच्या अनुभवाचे आहे. १२०० च्या पुढे तापमानदर्शक शंकू पार्श्वभूमीत विरून जातो. त्या वेळी मी लांब नळीने झरोक्यातून त्यावर हलकी फुंकर घालते. क्षणभर तो काळवंडतो आणि वाकला आहे की नाही ते दिसते. मात्र शंकू एकटे तापमान सांगत नाही, तापवण्याचा वेगही त्यात मिसळलेला असतो. गडद काचेतून पाहावे, हे डोळ्यांसाठी आवश्यकच आहे.

माझा एक प्रश्न आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला भट्टी पूर्वीपेक्षा पांढरट दिसते, आणि जुन्या आठवणीवर विसंबून मी दोनदा भाजणी लवकर थांबवली. कोणाला असा अनुभव आला आहे का?

लोहारकाम करणारा सदस्य

मला आलेला नाही, पण माझे वडील शस्त्रक्रियेनंतर पोलाद लवकर बाहेर काढू लागले होते. आम्ही त्यांना घाई झाल्याचे समजत होतो. आता त्यांच्यासमोर चुंबक लावून पाहीन आणि येथे लिहीन.