अध्यक्षांचं भाषण : लाभांशाचा हिशेब

"परळच्या आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्ष म्हणून पहिलंच भाषण आहे. नफा ४० लाख, मग लाभांश १० टक्केच का, हे कसं सांगू?"

टक्केवारी सांगण्याआधी पैशाची वाट दाखवा. लोकांना वाटतं १० टक्के म्हणजे नफ्याचे १० टक्के. लाभांश असतो वसूल भाग भांडवलावर, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करा.

तुमचं भाग भांडवल २ कोटी आहे असं धरतो. मग असं बोला: "४० लाख निव्वळ नफ्यातला चौथा हिस्सा, १० लाख, कायद्याने राखीव निधीत जातो. उरलेल्या ३० लाखांतून १० टक्के लाभांशाला २० लाख लागतात. २०,००० रुपयांचे शेअर्स वर्षभर असलेल्या सभासदाला २,००० मिळतील." १५ टक्के ही कायद्यातली कमाल मर्यादा. तेवढा दिला तर ३० लाख तिथेच संपतात, इतर निधींना काही उरत नाही. हे ऐकल्यावर आमच्या सभेतला गलका थांबला होता.

थकीत कर्जांसाठी केलेली तरतूद मात्र लपवू नका. ती वजा झाल्यावरच हे ४० लाख उरलेत. तरतुदीचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल तर वसुलीचं काय चाललंय, तेही सांगा.

आणि "लाभांश जाहीर करतो" म्हणू नका. संचालक मंडळ शिफारस करतं, मंजुरी सभेची. योजनांबद्दल थोडकंच बोला, पण प्रत्येकीचा खर्च कुठल्या निधीतून, हे सांगाच.