प्रतिसाद: माल आणि येणी यांवर पहिला हक्क कोणाचा?

«आमच्या प्रायव्हेट लिमिटेडने आधी एका बँकेशी करार केला, मग त्याच मालावर दुसरीकडून कर्ज घेतलं. आधीचा करार वरचढ ना?»

तेवढ्यावर ठरत नाही. नजरगहाणाच्या करारावर सह्या झाल्या की बोजा, म्हणजे बँकेचा तारणहक्क, निर्माण होतो, माल आणि येणी मात्र तुमच्याच ताब्यात राहतात. म्हणून बाहेरच्याला तो बोजा फक्त नोंदणीतूनच दिसतो. कंपनी कायद्याच्या कलम 77 नुसार बोजा नोंदवण्याचा CHG-1 फॉर्म कंपनी निबंधकाकडे 30 दिवसांत भरायचा असतो. त्यानंतर जादा शुल्क भरून मुदत मिळते, पण खरी मेख तिथेच आहे.

समजा, पहिल्या बँकेचा करार 1 एप्रिलचा आणि नोंदणी 25 मेची. मधल्या काळात दुसरीने 5 मेला करार करून 10 मेला नोंदणी केली. उशिरा झालेल्या नोंदणीमुळे त्याआधी मिळालेल्या हक्काला बाध येत नाही, त्यामुळे दुसरी बँक पुढे जाते. पहिलीने नोंदणी केलीच नसती, तर दिवाळखोरीत तिचा बोजा लिक्विडेटरने धरलाच नसता. कर्ज उरलं असतं, तेही विनातारण.

बँकांनी आपसात पॅरी पासू, म्हणजे दोघींचा हक्क समान मानणारा, करार केला असेल तर क्रम त्यानुसार. तो आहे का, हे मंजुरीपत्रात आधी पाहा.