मदत हवी आहे: मशीन लर्निंगची मुलाखत आणि पंचगंगेच्या पातळीचा प्रकल्प

पेठेतला_समीर

नमस्कार. पुढील आठवड्यात पुण्यातील एका कंपनीत माझी मुलाखत आहे आणि चर्चा मुख्यतः माझ्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर होईल, असे त्यांनी कळवले आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी पुढील 24 तासांत 43 फुटांच्या म्हणजे धोका पातळीच्या वर असेल का, हे आमच्या चौघांच्या गटाने रँडम फॉरेस्ट वापरून सांगण्याचा प्रयत्न केला होता. पावसाळ्यातील दर तासाची पातळी आणि राधानगरी, गगनबावडा येथील पाऊस हा आमचा डेटा होता. ट्रेनिंगवर अ‍ॅक्युरसी 99 टक्के आणि टेस्टवर 98 टक्के आली.

सरावाच्या मुलाखतीत एका ज्येष्ठ मित्राने विचारले, ‘हे मॉडेल ओव्हरफिट झालेले नाही, हे कशावरून?’ दोन्ही आकड्यांत फरक नाही, हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही. अ‍ॅक्युरसीच का घेतली आणि रँडम फॉरेस्टच का निवडले, हे त्यांचे पुढचे प्रश्न होते. यावर मुलाखतीत काय बोलणे अपेक्षित असते?

कोडवाला_इचलकरंजी

तुमच्या मित्राची शंका मला अवाजवी वाटते. ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये एका टक्क्याचा फरक असेल तर ओव्हरफिटिंग नाही, असेच सर्वत्र शिकवले जाते. फार तर पाच भागांचे क्रॉस-व्हॅलिडेशन करून सरासरी सांगावी, म्हणजे विषय संपतो. अ‍ॅक्युरसीबद्दल मात्र ते बरोबर आहेत, कारण धोक्याच्या नोंदी थोड्या असतात. तेथे रिकॉल सांगावा.

मंजिरी_डेटा

समीर, मी गेली काही वर्षे मुलाखती घेण्याच्या बाजूला बसते आणि तुमच्या जागी कोणी हे आकडे सांगितले, तर माझा पहिला प्रश्न ‘डेटा कसा विभागला?’ हाच असेल. तुम्ही `train_test_split` जसेच्या तसे वापरले असेल तर ते नोंदी आधी पिसते. मग सकाळी आठची आणि दहाची नोंद ट्रेनिंगमध्ये जाते, नऊची टेस्टमध्ये येते. एका तासात नदी इंच-दोन इंच हलते, पाऊसही जवळपास तोच असतो, त्यामुळे मॉडेलने नऊची नोंद जणू आधीच पाहिलेली असते. दोन्ही आकडे जवळ आले याचा अर्थ ओव्हरफिटिंग नाही असा होत नाही. ते उघडे पाडण्याची ताकद त्या टेस्टमध्येच नाही, एवढाच होतो. नोंदी पिसून केलेल्या क्रॉस-व्हॅलिडेशनला हीच गळती पाचदा लागते.

आधीच्या पावसाळ्यांवर शिकवून पुढचा पूर्ण पावसाळा टेस्टला ठेवावा:

```python
for y in sorted(df["year"].unique())[3:]:
    train = df[df["year"] < y]
    test = df[df["year"] == y]
```

असे केल्यावर आकडा घसरला, तर तो घसरलेला आकडाच मुलाखतीत सांगा आणि का घसरला तेही सांगा. माझ्यासमोर तरी अशा उमेदवाराचे वजन 98 टक्केवाल्यापेक्षा जास्त असते.

अ‍ॅक्युरसीचे उत्तर कागदावर मांडून दाखवणे उत्तम. समजा, टेस्टमध्ये 1,000 नोंदी आहेत आणि त्यांपैकी 30 धोक्याच्या आहेत. ‘धोका नाही’ एवढेच म्हणत बसणारा नियम 97 टक्के बरोबर ठरतो. आता तुमच्या मॉडेलने 30 पैकी 12 पकडल्या आणि 8 वेळा उगाच इशारा दिला, तर अ‍ॅक्युरसी 97.4 होते, पण रिकॉल 40 टक्के आणि प्रिसिजन 60 टक्के. थ्रेशोल्ड खाली आणून 24 पकडल्या आणि उगाच इशारे 36 झाले, तर अ‍ॅक्युरसी 95.8 वर येते, म्हणजे काहीच न करणाऱ्या नियमाच्याही खाली. तरीही माणसांचे आणि जनावरांचे स्थलांतर करायचे असेल तर मी हेच दुसरे मॉडेल घेईन. मात्र नुसता रिकॉल सांगूनही भागत नाही, कारण रोज इशारा देणाऱ्याचा रिकॉल 100 टक्के असतो. किती चुकीचे इशारे परवडतील, हे आधी ठरवून मग थ्रेशोल्ड निवडला, असे म्हणता आले पाहिजे.

निवृत्त_पाटबंधारे

पुराचा अंदाज मागितला आहे असे समजून लिहीत आहे, चूक असल्यास सोडून द्यावे. पाणी 44 फुटांवर असताना ‘उद्याही 43 च्या वर राहील’ हे सांगायला यंत्र कशाला हवे? पूर आला की पाणी लगेच उतरत नाही, हे शिरोळकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीच्या आसपास असते आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, त्या वेळी सांगाल तर उपयोग.

मंजिरी_डेटा

काका, चूक कसली, मुलाखतीत हेच विचारायला हवे. समीर, तुमच्या धोक्याच्या नोंदींपैकी बहुतेक अशाच असणार, म्हणजे पाणी आधीच 43 च्या वर असताना घेतलेल्या. ‘आत्ता वर असेल तर उद्याही वर’ हा एका ओळीचा नियम आधी मोजा. मग ज्या नोंदींत पाणी 43 च्या खाली आहे, तेवढ्यांवरच मॉडेलचा रिकॉल काढा. खरी परीक्षा तेथे आहे. शिवाय धोक्याच्या शंभर नोंदी एकाच पुरातल्या असतील, तर हाती उदाहरण एकच आहे. म्हणून पूर किती, ते मोजा.

पेठेतला_समीर

मनःपूर्वक धन्यवाद. विभागणी पिसूनच झाली होती. आता वर्षवार करून पाहतो. एक शंका आहे. दैनिक अहवालातील ‘पाण्याखालील बंधारे’ ही संख्याही आम्ही मॉडेलला दिली होती. ती चालेल का? आणि होय-नाही ऐवजी फूट सांगा असे म्हटले, तर रँडम फॉरेस्ट टिकेल का?

मंजिरी_डेटा

बंधाऱ्यांची संख्या चालेल, पण अंदाज सकाळी आठला देत असाल तर आठपर्यंत हाती आलेलीच. संध्याकाळच्या अहवालातला आकडा तारखेवरून त्या दिवसाच्या सगळ्या तासांना जोडला असेल, तर सकाळच्या नोंदीला संध्याकाळची बातमी कळते.

फुटांच्या बाबतीत तुमची शंका योग्य आहे. रँडम फॉरेस्ट शिकलेल्या उत्तरांची सरासरी देते, म्हणून ट्रेनिंगमधल्या कमाल पातळीच्या वर ते कधीच जात नाही. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेले. ज्या मॉडेलने 50 च्या वर काही पाहिलेलेच नाही, ते तेथे अडकून बसते. होय-नाहीच्या प्रश्नात हा दोष फारसा जाणवत नाही, कारण 43 च्या वर किती, याच्याशी तेथे देणेघेणे नसते.

कोडवाला_इचलकरंजी

मग सरळ लिनिअर रिग्रेशन घ्यावे. ते पुढे जाऊ शकते आणि समजावूनही सांगता येते.

निवृत्त_पाटबंधारे

पात्राबाहेर पडले की पाणी शेतांत पसरते आणि पातळी पूर्वीच्या वेगाने चढत नाही. 40 फुटांपर्यंतचा हिशेब तसाच पुढे ओढाल तर उत्तर फुगेल.

मंजिरी_डेटा

मी पातळीऐवजी पुढील 24 तासांतील चढ-उताराचा अंदाज घेऊन तो आत्ताच्या पातळीत मिळवीन. मग झाडांचे मॉडेलही जुनी कमाल ओलांडू शकते. काकांची हरकत मात्र याने पूर्ण मिटत नाही, कारण पसरलेल्या पाण्याचा चढ शिकायला तसे पूर डेटात हवेत.

कोडवाला_इचलकरंजी

दोन-तीन पुरांवर झाडांचे मॉडेल तो चढ शिकेल हे मला पटत नाही. समीर, वर्षवार विभागणीचे आकडे आले की लिनिअर आणि फॉरेस्ट दोन्हींचे येथे टाका, 2019 टेस्टला ठेवून.