मदत हवी आहे: शेवयांची खीर दुपारपर्यंत गोळा होते आणि खजूर टाकला की दूध फाटतं

धुळ्याची_लेक:
नमस्कार मंडळी, धुळ्याहून लिहितेय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या खाला दरवर्षी ईदला मोठ्ठं पातेलं भरून शेवयांची खजूर घातलेली खीर करतात आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटी पोचते, आखाजीला आमच्याकडून त्यांच्याकडे पुरणपोळी आणि आंब्याचा रस. २०२३ ला तर दोन्ही सण २२ एप्रिललाच आले होते तेव्हा जिन्यातच वाट्या-ताटांची अदलाबदल चालली होती. यंदा खालांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उभं राहता येत नाही, म्हणून मी म्हटलं खीर मी करते तुम्ही बसून फक्त वाढा. बोलून बसले आणि आता टेन्शन आलंय.

मागच्या रविवारी ट्रायल घेतली. म्हशीचं दूध २ लिटर, बारीक शेवयांचं २५० ग्रॅमचं पाकीट पूर्ण, तूप तीन चमचे. शेवया तुपावर परतल्या, दूध उकळलं, त्यात शेवया टाकून दहा मिनिटं उकळू दिलं, साखर घातली. सकाळी ९ ला एकदम मस्त दिसत होती, पळीतून पडत होती तशी पाहिजे तशीच. १२ वाजता झाकण काढलं तर पळी उभी राहिली हो त्यात! वडी पाडता आली असती.

मग बुधवारी अर्ध्या लिटरचीच केली, यावेळी खजूर घातला, दूध उकळत असतानाच चिरून टाकला, दोन मिनिटांत कडेला बारीक बारीक कण दिसायला लागले आणि मग पाणी वेगळं नि चोथा वेगळा. सगळं गेलं.

खालांना विचारलं तर म्हणतात "अंदाज से डालो बेटा". त्यांचा अंदाज चाळीस वर्षांचा, माझा चार दिवसांचा. वीस वाट्या करायच्या आहेत, लोक सकाळी ९ पासून दुपारपर्यंत येत राहतात. प्लीज कोणीतरी माप आणि क्रम सांगा.

नंदुरबारी_भाऊ:
ताई शेवयांना दूध कशाला उकळताय, आमच्याकडे आखाजीला घरच्या पाटावरच्या शेवया असतात, त्या उकळत्या पाण्यात टाकायच्या, मऊ झाल्या की चाळणीत गाळायच्या आणि ताटात घेऊन वरून दूध साखर किंवा गुळवणी. कधीच गोळा होत नाही. माझी आई उन्हाळ्यात खाटेवर वाळत घालायची, एकेक तार केसासारखी. आता तशा कोणी वळत नाही.

धुळ्याची_लेक:
भाऊ त्या वेगळ्या, त्या मलाही आवडतात. पण मला ईदची खीर करायचीय, दुधातच शिजवलेली, खजूरवाली.

चुलीवरचा_दादा:
सोप्पं आहे. साखर शेवयांच्या आधी दुधात घाला. साखरेच्या दुधात शेवया फुगत नाहीत म्हणजे गोळा होत नाही. मी नेहमी तसंच करतो. आणि घट्ट झाली तर ग्लासभर पाणी ओतायचं, कोणाला कळत नाही.

भुसावळची_खाला:
मी आले बेटा, माझ्याकडे ईदला पाच लिटरचं पातेलं लागतं म्हणून सांगते.

आधी दादांचं. साखर आधी घातली की शेवया कमी फुगतात हे खरंय त्यांचं, पण त्या मग मऊच होत नाहीत, खीर वर पाणचट आणि शेवई दाताखाली चिवट लागते. आणि पाण्याने पातळ केलेली खीर जिभेला कळते, म्हशीच्या दुधाची चव जाते.

आता तुझं. तुझं गणित शेवयांतच चुकलं. २ लिटरला २५० म्हणजे लिटरला सव्वाशे ग्रॅम झाल्या, एवढ्यात कोणाचीही खीर गोळाच होणार. आमच्याकडे लिटरला बारीक शेवया ६० ग्रॅम, वाटीने पिण्यासारखी. चमच्याने खायची असेल तर ७०-७५, त्याच्या पुढे मी जात नाही. तुझ्या पाकिटाचे हाताने चार भाग कर, एक भाग म्हणजे साधारण एका लिटरचा.

दुसरं म्हणजे तू गरम खिरीकडे बघून ठरवलंस. शेवई गॅस बंद झाल्यावरही दूध पीत राहते, दोन तास पीत राहते. म्हणून उतरवताना ती "अरे ही तर पातळच राहिली" अशी वाटली पाहिजे. मी काय करते, छोटी बशी घेते, त्यात चमचाभर खीर ओतते, पंख्याखाली पाच मिनिटं ठेवते आणि मग बशी तिरकी करते. सावकाश ओघळली तर दुपारी बरोबर लागेल. जागेवरच थांबली तर आत्ताच गरम दूध वाढव. पातेल्यात बघून कधीच समजत नाही.

भाजणं. तू तीन चमचे तुपात २५० ग्रॅम भाजल्यास, म्हणजे निम्म्या शेवया कोरड्याच राहिल्या असतील. ६० ग्रॅमला एक मोठा चमचा भरून तूप घे. शेवया आधी हाताने बोटभर तोडायच्या, जाड बुडाची कढई, गॅस अगदी बारीक, हात थांबवायचा नाही. बारीक शेवईला तीन-चार मिनिटं लागतात. रंग फिकट गव्हाच्या दाण्यासारखा आला आणि भाजल्या रव्याचा वास सुटला की लगेच ताटात काढ, कढईत ठेवल्यास बंद गॅसवरही तळाच्या काळ्या पडतात आणि मग पूर्ण खिरीला कडवट वास. प्रत्येक तारेला तूप लागलं की ती दुधात पीठ कमी सोडते, एकमेकीला चिकटत नाही. पाकिटावर आधीच भाजलेल्या असं लिहिलं असेल तर फक्त मिनिटभर तुपात फिरव.

दूध आधी आटव, शेवया टाकून आटवायचं नाही. २ लिटरचं पावणेदोन झालं की बस, त्याच्याहून आटवलं तर शेवयांचं मापही कमी करावं लागेल. मग शेवया, तीन-चार मिनिटं, बारीक गॅस. बोटाने दाबून मऊ लागली की साखर, साखर घातल्यावर खीर जराशी पातळ होते तेव्हा घाबरू नकोस. अजून एक उकळी, बंद. दहा मिनिटं तू ठेवलंस ना, ते जास्त झालं.

मुक्काम_पुणे:
खाला, फारच छान सांगितलंत. मी माहेरची जळगावची, इथे गायीचं पॅकेटचं दूध मिळतं, त्यात ६० ग्रॅमने पाणीच पाणी वाटतं हो. किती घेऊ? आणि घरच्या गव्हाच्या जाड शेवया आहेत आईने दिलेल्या त्या चालतील का?

भुसावळची_खाला:
गायीच्या दुधाला थोडं जास्त आटव, लिटरचं पाऊण करून घे, शेवया तेवढ्याच. जाड घरच्या चालतात पण भाजायला दुप्पट वेळ लागतो, दुधात दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दूध आटतं म्हणून एक वाटी गरम दूध बाजूला तयार ठेव. आणि आईने त्यात मीठ घातलंय का ते विचारून घे.

चुलीवरचा_दादा:
मीठ! तेच सांगणार होतो. मिठाने दूध फाटतं. ताईचं दूध मिठामुळेच फाटलं असणार.

धुळ्याची_लेक:
दादा माझ्या शेवया त्याच पाकिटातल्या, पहिल्या वेळी २ लिटरला काही झालं नाही की. दुसऱ्या वेळी नवीन फक्त खजूर होता.

भुसावळची_खाला:
चिमूटभर मिठाने ताजं दूध फाटत नाही, मी विचारायला सांगितलं ते चवीसाठी. खजुराचं बघू. मऊ खजूर जुना झाला की आंबूस होतो, वरून कळत नाही. आतून फोडून वास घे, ताडीसारखा आंबट वास आला तर खिरीत घालू नको. दुसरं, उकळत्या दुधात कधीच टाकायचा नाही. बिया काढून उभे चिरायचे, चमचाभर तुपात अर्धा मिनिट परतून ठेवायचे, खीर पूर्ण झाली, गॅस बंद, उकळी बसली, दहा मिनिटं गेली की मग सोडायचे. आधी एका वाटीत गरम दूध घेऊन दोन तुकडे टाकून पाच मिनिटं थांब, वाटीच्या कडेला कण दिसले तर तो खजूर वापरायचा नाही, वाटीभर दूध जाईल पण दोन लिटर वाचेल.

मी स्वतः मऊ खजुरापेक्षा खारीक घेते. रात्री भिजत घालते, सकाळी ते पाणी फेकते, पातळ काप करून वेगळ्या वाटीभर दुधात पाच मिनिटं शिजवते आणि मग खिरीत.

मुक्काम_पुणे:
आम्ही तर खारकेचं भिजवलेलं पाणी खिरीतच घालतो, गोडवा येतो त्याने! कधी फाटलं नाही.

नंदुरबारी_भाऊ:
ताई एक विचारू का, बुधवारी दूध सकाळचं होतं का? सध्या ४२-४३ तापमान आहे आपल्याकडे. आमच्या गोठ्यातून दूध नेणारे लोक दुपारी फोन करतात की फाटलं, आणि विचारलं तर ते तीन तास न तापवता ओट्यावर ठेवलेलं असतं. असं दूध नुसतं तापवताना टिकतं कधीकधी, पण आंबट काही पडलं की लगेच फाटतं.

धुळ्याची_लेक:
बापरे भाऊ. बुधवारी दूध सकाळी ७ ला आलं आणि खीर मी ११ ला करायला घेतली. फ्रीजमध्ये ठेवलं नव्हतं. म्हणजे खजुरामुळे की दुधामुळे तेच आता कळत नाही.

भुसावळची_खाला:
दोन्ही मिळून असेल. ईदच्या दिवशी दूध आल्या आल्या तापव.

धुळ्याची_लेक:
आज परत ट्रायल घेतली, सांगते. दूध १ लिटर, आल्याबरोबर तापवलं. शेवया किचनच्या काट्यावर ६५ ग्रॅम, तूप एक मोठा चमचा. भाजताना पहिले दोन मिनिटं काहीच होत नाही आणि मग एकदम रंग बदलतो हे मला माहीतच नव्हतं, तिथेच मागच्या वेळी मी फोन घ्यायला गेले होते. लगेच ताटात काढल्या. दुधात मोजून चार मिनिटं. साखर आधी पाच चमचे घातली, पण चाखून बघितलं तर खजूर येणारे हे लक्षात आलं आणि तिथेच थांबले, बरं झालं.

बशीचं केलं खाला. पहिल्यांदा ओतलं तेव्हा दूध आणि शेवया वेगवेगळ्या धावल्या, मला वाटलं फारच पातळ झालीय, अजून मूठभर शेवया टाकायला हात पुढे गेला होता. पाच मिनिटांनी बशी तिरकी केली तर एकत्र सावकाश सरकली. मग थांबले. ९ ला केलेली १२ ला बघितली, पळीने घेतली की जाडसर धार पडते, शेवया सुट्ट्या. वाटीत जरा साय धरली होती तेवढंच.

खजूर दोन दुकानांतला आणला होता. एकाची वाटी-टेस्ट फेल, पाच मिनिटांत कण. दुसऱ्याला काही झालं नाही, तोच घातला. खालच्या खालांना वाटी दिली, त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि म्हणाल्या चारोळी कुठाय. म्हणजे पास झाले!

आता एकच राहिलं, दोन वाजता येणाऱ्यांसाठी परत गरम करावी लागली तर?

भुसावळची_खाला:
पूर्ण पातेलं गॅसवर ठेवायचं नाही, तळाला लागते आणि खजूर आत आहे. अर्धा लिटर दूध वेगळं तापवून ठेव, लागेल तशी खीर छोट्या भांड्यात काढ, त्यात गरम गरम दूध घालून हलव. थंड दूध ओतू नको, शेवया आखडतात आणि वर तुपाचे डोळे गोठतात. आणि वीस वाट्यांना २ लिटर पुरणार नाही बेटा, एक वाटी कोणी घेत नाही. ३ लिटर धर, शेवया १८० ते २००.

चुलीवरचा_दादा:
साखरेऐवजी गूळ घातला तर?

भुसावळची_खाला:
गॅस बंद केल्यावर, खीर कोमट झाल्यावर. पण ईदला नको हो दादा, रंग बदलतो.

मुक्काम_पुणे:
आणि खारकेचं पाणी टाकायचं, फेकायचं नाही, मी माझ्या मतावर ठाम आहे 🙂