उत्तर: रॅमिप्रिल आणि कोरडा खोकला

"वडिलांना बीपीसाठी रॅमिप्रिल चालू केल्यापासून खोकला थांबंना, टेल्मिसार्टननं पण तसंच होणार का?"

नाही हो, सहसा होत नाही. आमच्या आईचं हेच झालेलं, रॅमिप्रिल ५ सुरू करून महिना झाला आणि रात्रभर घशात खवखव, कफ नाही, ताप नाही, एक्सरे क्लिअर, तीन बाटल्या सिरप संपलं, शेवटी राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा कुठं तीन आठवड्यांत थांबला. कारण असं की रॅमिप्रिल जे एन्झाइम अडवतं तेच ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं रसायन पण मोडतं, ते साठलं की श्वासनलिकेतल्या नसा चाळवतात. टेल्मिसार्टन एन्झाइमला हातच लावत नाही, पुढचा रिसेप्टर अडवतं.

पण ओठ, जीभ सुजली तर थेट कॅज्युअल्टी गाठा. तेही ब्रॅडिकायनिनच, वर्षांनंतरसुद्धा होतं, खाज किंवा पित्त उठत नाही, म्हणून अ‍ॅलर्जीच्या गोळीनं फारसं उतरत नाही. त्यानंतर रॅमिप्रिल, एनालाप्रिल कुठलंच 'प्रिल' परत नाही, टेल्मिसार्टनही जपूनच.

आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठी दोन्ही गोळ्या बाद, बाळाच्या किडनीला धोका. दोन्ही किडन्यांच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तरी टाळतात. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, बीपी चढंल.